‘वर’ म्हणजे नेहमीच ‘ऑन’ नाही : इन, ऑन आणि ॲट कसे शिकवावेत?



आजचा पाठ एका वहीपासून सुरू करते. सहावीच्या वर्गात ‘माझे कुटुंब’ या विषयावर इंग्रजीतून पाच-सहा वाक्यं लिहायला दिली होती. मालवण किनाऱ्यावरची शाळा, त्यामुळे निम्म्या मुलांच्या घरी मासेमारी. एका मुलाने लिहिलं, “माय फादर इज ऑन द जेटी एव्हरी मॉर्निंग.” मी सवयीने ‘ऑन’वर लाल रेघ मारली आणि वर ‘ॲट’ लिहिलं. वही परत मिळाल्यावर पोरगा टेबलाशी आला आणि म्हणाला, “पण बाई, बापूस धक्क्यार उभो आसा ना!”

मी त्याला सांगितलं, “बंदर, स्टँड, स्टेशन अशा ठिकाणांना ॲट लावायचं.” तो गप्प बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. कारण त्याचं वाक्य चूक नव्हतंच. ‘ऑन द जेटी’ हे शुद्ध इंग्रजी आहे आणि ‘ॲट द जेटी’ हेही शुद्धच. दोन्हींचा अर्थ थोडा वेगळा आहे, एवढंच. मी बरोबर वाक्यावर रेघ मारली होती, कारण मला नियम पाठ होता, पण त्यामागचं चित्र माहीत नव्हतं.

ते चित्र काय आहे आणि मराठी बोलणाऱ्या मुलांना ते नेमकं कुठे अडतं, ते आज बघू.

आधी तो तक्त्यावरचा त्रिकोण

आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात उलटा त्रिकोण काढला असेल. वर रुंद भागात ‘इन’, मध्ये ‘ऑन’, खाली टोकाला ‘ॲट’. मोठ्या जागेला इन, मधल्या जागेला ऑन, छोट्या जागेला ॲट. पत्ता लिहिताना हा त्रिकोण छान चालतो. गावाला इन, रस्त्याला ऑन, घर क्रमांकाला ॲट.

पण मुलांना लहान-मोठं एवढंच सांगून सोडलं, की पुढच्याच तासाला पंचाईत होते. चिपीचा विमानतळ केवढा मोठा! तरी आपण “माय अंकल इज ॲट द एअरपोर्ट” म्हणतो. उलट काडेपेटी तळहातावर मावते, तरी काड्या ‘इन द मॅचबॉक्स’ असतात. म्हणजे प्रश्न आकाराचा नाहीच. प्रश्न आहे, बोलणारा त्या जागेकडे कसा बघतोय याचा. आणि बघण्याच्या तऱ्हा तीनच आहेत.

पहिली तऱ्हा, जागा म्हणजे एक ठिपका. नकाशावर बोट ठेवावं तशी. तिथे आत काय, वर काय, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ‘कुठे?’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. इथे ॲट.

दुसरी तऱ्हा, जागा म्हणजे पृष्ठभाग किंवा रेषा. वस्तू तिला टेकलेली, चिकटलेली, लागून आहे. इथे ऑन. टेबलावरचं पुस्तक ऑन, भिंतीवरचं घड्याळही ऑन. नदी आणि किनारा या रेषा, म्हणून मालवण हे गाव ‘ऑन द कोस्ट’.

तिसरी तऱ्हा, जागा म्हणजे भांडं. तिला आत आणि बाहेर आहे, आणि वस्तू आत आहे. इथे इन. डब्यात, खोलीत, गावात, पाण्यात, सगळीकडे इन.

आता त्या पोराच्या वाक्याकडे परत या. बाप धक्क्याच्या दगडावर पाय रोवून उभा आहे, असं डोळ्यांसमोर असेल तर ‘ऑन द जेटी’. बाप घरी नाही, बाजारात नाही, तर बंदराच्या ठिकाणी आहे, मग तो धक्क्यावर असेल, जाळ्याजवळ असेल नाहीतर चहाच्या टपरीशी, तर ‘ॲट द जेटी’. मुलाच्या डोळ्यांसमोर पहिलं चित्र होतं. मी दुसरं गृहीत धरलं.

मराठी मुलाचा गोंधळ कुठे होतो?

इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत नामाच्या मागे चिकटतात, हा फरक मुलं पटकन पकडतात. खरी अडचण पुढची आहे. आपल्या सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ, आणि ‘वर’, ‘मध्ये’, ‘जवळ’ ही शब्दयोगी अव्ययं, यांची कामं इंग्रजी शब्दांशी एकास एक जुळत नाहीत. मूल मात्र मनातल्या मनात कोष्टक करून ठेवतं: त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन. ॲटला मराठीत जोडीदारच सापडत नाही, म्हणून तो वहीतून गायब होतो. आपल्या वर्गातल्या वह्या चाळून बघा. इन आणि ऑन यांची गर्दी दिसेल, ॲट मात्र घड्याळाच्या वेळेपुरता.

यात सगळ्यांत फसवा आहे तो ‘वर’. मराठीत ‘वर’ दोन वेगळी कामं करतो. एक काम पृष्ठभागाचं: टेबलावर, पाटावर, डोक्यावर. मालवणीत हाच ‘र’ होतो: डोक्यार, रस्त्यार. दुसरं काम उघड्यावरच्या, वर्दळीच्या ठिकाणाचं: विहिरीवर, नळावर, नाक्यावर, स्टँडवर, बंदरावर. “आई विहिरीवर गेली” म्हणताना आई विहिरीच्या वर चढलीय असं कोणाच्या मनात येतं का? नाही. विहीर हे इथे एक ठिकाण आहे, ठिपका आहे. म्हणून इंग्रजीत “मदर इज ॲट द वेल.” कोणी “ऑन द वेल” लिहिलं, तर इंग्रजी वाचणाऱ्याला आई कठड्यावर चढून बसलेली दिसेल!

वर्गात यासाठी मी एकच प्रश्न विचारते: “पाय किंवा हात त्याला लागतोय, हेच सांगायचंय का?” उत्तर ‘हो’ आलं तर ऑन. ‘नाही, नुसतं ठिकाण सांगायचंय’ असं आलं तर ॲट. एसटी स्टँडवर मामा वाट बघतोय, तर नुसतं ठिकाण, म्हणून ॲट. स्टँडच्या बाकड्यावर मामा बसलाय, तर टेकलाय, म्हणून ऑन. तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाळूत मुलं खेळतायत, तर ऑन द बीच. आम्ही रविवारी कुठे होतो, तर ॲट द बीच.

‘त’चंही तसंच आहे. तो बहुतेक वेळा इनच असतो, पण प्रसंग आला की फसवतो. आंगणेवाडीच्या जत्रेत, लग्नात, सभेत. जत्रा हे काही भांडं नाही. तो प्रसंग आहे, आणि प्रसंगाला इंग्रजी ठिपका मानतं. म्हणून ‘ॲट द फेअर’, ‘ॲट द वेडिंग’, ‘ॲट द मीटिंग’. शाळेचं दोन्ही चालतं. “शी इज ॲट स्कूल” म्हणजे ती आत्ता शाळेच्या ठिकाणी आहे. शाळेच्या इमारतीच्या आत काय आहे ते सांगायचं असेल तर इन.

आणि ‘ई’? ‘घरी’ या शब्दातला हा प्रत्यय ॲटच्या सगळ्यांत जवळचा आहे. ‘घरात’ आणि ‘घरी’ यांतला फरक मुलांना न शिकवता कळतो. “घरात उंदीर शिरला” असं आपण म्हणतो, “घरी उंदीर शिरला” असं म्हणत नाही. उलट “बाबा घरी आहेत का?” असं विचारतो, मग बाबा अंगणात असले तरी उत्तर ‘हो’च. घरात म्हणजे इन द हाऊस, घरी म्हणजे ॲट होम. मी आता ॲटची ओळख नेहमी याच जोडीपासून करून देते. मुलाच्या स्वतःच्या भाषेत तो फरक आधीपासून आहे, आपण फक्त त्यावर बोट ठेवायचं.

एक किल्ला, तिन्ही शब्द

आपल्या मुलांसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याइतका चांगला फळा दुसरा नाही. तो कुरटे बेटावर बांधला आहे. किल्ला बेटाच्या खडकावर टेकलेला, म्हणून “द फोर्ट इज ऑन ॲन आयलंड.” बेटांना इंग्रजी पृष्ठभागच मानतं. तटाच्या आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे आणि दुधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तट म्हणजे भांड्याची कड, विहिरी आत. म्हणून “देअर आर वेल्स इन द फोर्ट.” आणि सहलीला आपली गाडी उशिरा पोचली, पुढचे लोक किल्ल्यावर भेटले, तर “वी मेट देम ॲट द फोर्ट.” इथे किल्ला फक्त भेटीचं ठिकाण.

बघा, मराठीत आपण ‘किल्ल्यावर’ हा एकच शब्द किती सहज वापरतो! “किल्ल्यावर देऊळ आहे”, “किल्ल्यावर भेटलो”. मूल दोन्हीकडे ऑन लिहिणार, आणि त्याचं कारण आता आपल्याला माहीत आहे.

दुसरं उदाहरण कोकण रेल्वेचं. “माझी आत्या कुडाळला राहते” आणि “गाडी कुडाळला थांबते”. मराठीत दोन्हीकडे ‘ला’. इंग्रजीत मात्र “माय आंट लिव्ज इन कुडाळ” आणि “द ट्रेन स्टॉप्स ॲट कुडाळ.” गाव तेच, आकार तोच. आत्या गावाच्या आत राहते, तिच्यासाठी कुडाळ भांडं आहे. गाडीसाठी कुडाळ हा रुळावरचा एक ठिपका आहे, कणकवली आणि सावंतवाडी यांच्यासारखाच. या एका जोडीने त्रिकोणाचा नियम मुलांच्या मनातून निघून जातो, असा माझा अनुभव आहे.

झाडाचं कोडंही घालून बघा. मराठीत आंबेही झाडावर आणि पोपटही झाडावर. इंग्रजीत आंबे ‘ऑन द ट्री’, कारण ते फांदीला चिकटलेले. पोपट ‘इन द ट्री’, कारण तो फांद्या-पानांच्या आत बसलेला. एकदा चित्र काढलं की विसरत नाहीत.

वाहनांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे चित्र थोडं ताणावं लागतं. होडीत, रिक्षात, कारमध्ये आपण शिरून बसतो, उभं राहून फिरता येत नाही. तिथे इन. बस, आगगाडी, जहाज यांत उठून चालता येतं, तिथे ऑन. मोटारसायकल, सायकल यांवर स्वार होतो, तिथेही ऑन. म्हणून “बसमध्ये माझी पिशवी राहिली” याचं “आय लेफ्ट माय बॅग ऑन द बस”. मुलाने इन लिहिलं तर ती मोठी चूक नाही, पिशवी बसच्या आतच आहे. पण प्रवासाबद्दल बोलताना ऑनची सवय लावावी. ‘उभं राहून चालता येतं का?’ ही खूण बहुतेक वेळा पुरते.

वेळ : कालनिर्णय भिंतीवरून खाली काढा

वेळेसाठी नवीन नियम नकोत. तीच तीन चित्रं पुरतात आणि त्यासाठी लागणारं साधन घरोघरी टांगलेलं आहे. कालनिर्णय १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर जन्माने मालवणचेच, तेव्हा साधनही आपल्या गावचंच म्हणायचं!

पान मुलांसमोर धरा. अख्खं पान म्हणजे महिना. महिन्याच्या आत दिवस असतात, म्हणून तो भांडं: ‘इन जून’. बारा पानं मिळून वर्ष, तेही भांडं: ‘इन १६६४’. पावसाळा म्हणजे तीन-चार पानं एकत्र, ‘इन द रेनी सीझन’. आता पानावरच्या एका चौकोनावर बोट टेकवा. बोट टेकलं, म्हणजे ऑन. ‘ऑन मंडे’, ‘ऑन फोर्थ डिसेंबर’. नारळी पौर्णिमा हा एक चौकोन, म्हणून ‘ऑन नारळी पौर्णिमा’. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवा. काटा एका खुणेवर आहे, ठिपक्यावर. ‘ॲट फाइव्ह ओक्लॉक’.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची तारीख २५ नोव्हेंबर १६६४ अशी सांगितली जाते. यावर तीन वाक्यं करून घ्या. नुसतं वर्ष सांगताना इन. महिना आणि वर्ष सांगताना इन. पूर्ण तारीख सांगताना ऑन, मग पुढे वर्ष असलं तरी ऑनच, कारण बोट एका चौकोनावर टेकलंय. मुलं शेवटी वर्ष दिसलं की इनकडे धावतात. सर्वांत लहान खूण कुठली आहे ते शोधायला सांगा. तिचाच शब्द पुढे लागतो.

इथेही मराठीचे प्रत्यय सोबत करत नाहीत. ‘पाचला’ आणि ‘चार तारखेला’ दोन्हींत ‘ला’, पण एक ॲट, दुसरा ऑन. ‘सकाळी’, ‘रात्री’, ‘सोमवारी’ तिन्हींत ‘ई’, पण ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’, ‘ऑन मंडे’. मुलाला प्रत्ययावरून ओळखता येणारच नाही, त्याला कॅलेंडरचं पान डोळ्यांसमोर आणावं लागेल.

‘सोमवारी सकाळी’ आलं की काय करायचं? नुसती सकाळ म्हणजे दिवसाचा एक भाग, त्यात तास आहेत, म्हणून इन. पण वार जोडला की बोट पुन्हा चौकोनावर गेलं. ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्रही तशीच: एरवी ॲट नाइट, पण ‘ऑन सॅटर्डे नाइट’. आणि ‘ॲट नाइट’ का, तर ते तसं रूढ आहे. मी मुलांना सांगते, रात्री आपण झोपतो, तास मोजत नाही, म्हणून रात्र एक ठिपका. हे व्याकरण नाही, लक्षात ठेवायची युक्ती आहे, आणि तसं मुलांना सांगूनही टाकते.

एक मर्यादा आवर्जून सांगा. ‘या’, ‘पुढच्या’, ‘मागच्या’, ‘दर’ हे शब्द आले की तिन्हींपैकी काहीच लागत नाही. “पुढच्या सोमवारी परीक्षा आहे” म्हणजे “द एक्झाम इज नेक्स्ट मंडे.” ‘ऑन नेक्स्ट मंडे’ ही चूक मुलांच्या वहीत सर्रास दिसते, आणि आपल्या सूचनांमध्येही. ‘एव्हरी मॉर्निंग’च्या आधीही काही नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने ते बरोबर लिहिलं होतं, आणि त्याबद्दल मी त्याला शाबासकी दिली नव्हती!

‘दोन तासांत’ आणि ‘दोन तासांनी’

एका चुकीचा मात्र खरा फटका बसतो, म्हणून ती वेगळी सांगते. आपल्या किनाऱ्यावर आता अनेक घरांत पाहुणे राहायला येतात आणि त्यांच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचं काम बहुतेक वेळा घरातल्या मुलांवर येतं. एका पालक ताईंनी सांगितलेली गोष्ट. पाहुण्यांनी विचारलं, बोट कधी येईल? मुलीने सांगितलं, “इन वन अवर.” तिला म्हणायचं होतं, तासाभरात येईल, म्हणजे कधीही येईल, तयार राहा. पाहुण्यांनी ऐकलं, तासाने येईल. ते निवांत जेवायला गेले. बोट वीस मिनिटांत आली, थोडी थांबली आणि गेली. पाहुणे चिडले, मुलगी रडली, आणि व्याकरणाचा दोष तिच्या ‘इंग्लिश कच्चं आहे’ या खात्यावर जमा झाला.

खरं तर तिने मराठीचा ‘त’ प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला होता. पण आत्तापासून पुढची वेळ सांगताना इंग्रजीतला ‘इन वन अवर’ म्हणजे ‘एका तासाने’. ‘तासाभरात’ म्हणायचं असेल तर ‘विदिन ॲन अवर’. मात्र एखाद्या कामाला किती वेळ लागला हे सांगताना इन आपल्या ‘त’सारखाच वागतो: “आय फिनिश्ड द होमवर्क इन वन अवर”, म्हणजे एका तासात संपवला. तेव्हा मुलांना विचारा, “पुढे काय होणार ते सांगतोयस, की झालेल्या कामाचा वेळ मोजतोयस?”

जाता जाता एक गोड बातमी. ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ ही जोडी इंग्रजीशी तंतोतंत जुळते. बोट ठरल्या वेळी सुटली तर ती वेळेवर, ‘ऑन टाइम’. आपण धावत पळत सुटण्याआधी पोचलो तर वेळेत, ‘इन टाइम’. इथे ‘वर’ला ऑन आणि ‘त’ला इन असं मुलाचं कोष्टक खुशाल वापरू द्या.

एक उतारा सोडवून बघू

आता हे सगळं एका छोट्या उताऱ्यावर लावू. मुलांना आधी मराठीत द्या:

“रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बंदरावर होतो. काका होडीत बसले होते. किल्ल्यावर आम्ही दुधबाव पाहिली. मग आम्ही तटावर उभे राहिलो. दुपारी आम्ही घरी आलो. रात्री देवळात दशावतार पाहिला.”

लगेच भाषांतर करायला लावू नका. आधी प्रत्येक वाक्याचं छोटं चित्र काढू द्या, नाहीतर नुसतं ‘ठिपका, टेकलेलं, आत’ असं समासात लिहू द्या.

‘रविवारी सकाळी’ला वार आहे, चौकोन, म्हणून ‘ऑन संडे मॉर्निंग’. ‘सात वाजता’ घड्याळाचा ठिपका, ‘ॲट सेव्हन’. ‘बंदरावर’ नुसतं ठिकाण, “वी वेअर ॲट द जेटी.” काका होडीच्या आत बसलेले, ‘इन द बोट’. ‘किल्ल्यावर’ म्हणजे इथे तटाच्या आत, कारण विहीर आत आहे: “इन द फोर्ट वी सॉ अ वेल.” ‘तटावर’ पाय टेकलेले: “वी स्टूड ऑन द वॉल.” ‘दुपारी’ दिवसाचा भाग, ‘इन द आफ्टरनून’. ‘घरी आलो’ इथे सापळा आहे. घरी असणं म्हणजे ॲट होम, पण घरी येणं-जाणं म्हणजे नुसतं ‘केम होम’, मध्ये काही नाही. ‘रात्री’ ॲट नाइट. ‘देवळात दशावतार’ याचं उत्तर मुलांकडूनच काढा. दशावतार गाभाऱ्यात होत नाही, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत होतो. आत म्हणायचं नाही, ठिकाण म्हणायचंय. म्हणून ‘ॲट द टेंपल’.

शेवटच्या वाक्यावर वर्गात हमखास वाद होतो. होऊ द्या. एखाद्याच्या गावात दशावतार सभामंडपात होत असेल, तर त्याने ‘इन द टेंपल’ लिहिलेलं बरोबरच आहे. तो आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र लिहितोय.

तपासताना आपल्यासाठी एक सूचना. ऑन आणि ॲट यांच्या बाबतीत लाल रेघ मारण्याआधी मुलाला विचारा, “तुला काय दिसतंय?” तो सांगेल त्या चित्राशी त्याचा शब्द जुळत असेल तर वाक्य बरोबर. जुळत नसेल तरच रेघ. मात्र ‘ऑन जून’, ‘इन मंडे’, ‘ॲट द मॉर्निंग’ इथे विचारायचं काही नाही, कारण तिथे दुसरं चित्र शक्यच नाही. तिथे कॅलेंडर दाखवा आणि दुरुस्त करा.

पालकांनी घरी रोज पाच मिनिटं एवढंच करावं. “कोण कुठे आहे?” असं मराठीत विचारायचं आणि मुलाने फक्त ठिपका, टेकलेलं की आत, ते सांगायचं. आजी पडवीत, मांजर कौलांवर, ताई स्टँडवर. इंग्रजी वाक्य नंतर, चित्र आधी. तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नसलं तरी हा खेळ घेता येतो.

त्या सहावीतल्या पोराची वही मी दुसऱ्या दिवशी मागून घेतली. लाल रेघेखाली निळ्या पेनाने ‘बरोबर’ लिहिलं आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. त्याने खाली आणखी एक वाक्य लिहून आणलं होतं: “नाऊ ही इज ॲट होम.” मी विचारलं, “घरात बसलाय का?” तो म्हणाला, “नाय बाई, खळ्यात जाळा शिवता हा.”

ॲट त्याला समजला होता.